युद्धातल्या मृतांचा आकडा छापताना: वृत्तसंपादकांना खुले पत्र

मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि वृत्तसंकेतस्थळांच्या वृत्तसंपादकांना व उपसंपादकांना,

स. न. वि. वि.

एखादे युद्ध सुरू झाले की तुमच्या पानांवर मृतांचे आकडे यायला लागतात. सोमवारी एक आकडा, गुरुवारी त्याच्या तिप्पट, आणि महिन्याभराने ‘मृतांच्या संख्येवरून वाद’ अशी चौकट. वाचक शेवटी वैतागून म्हणतो, कुणाचेच खरे नसते. आम्ही नमुना सर्वेक्षण आणि लोकसंख्येच्या आकडेमोडीचे काम करतो. आमच्या मते हा घोळ बहुतेक वेळा आकड्यात नसतो. ‘कोण मोजले, कोणत्या तारखेपर्यंत आणि कसे’ हे वाक्य बातमी कापताना आधी उडते आणि आकडा एकटाच उरतो. असा एकटा आकडा दुसऱ्या एकट्या आकड्याशेजारी ठेवला की भांडण लागणारच.

सुरुवात एका शब्दापासून करू. इंग्रजी तारेत ‘कॅज्युअल्टीज’ असते आणि भाषांतरात त्याचे ‘ठार’ होते. लष्करी भाषेत त्या शब्दात मृत, जखमी, बेपत्ता आणि युद्धकैदी असे सगळे येतात; जो सैनिक लढण्यासाठी उपलब्ध राहिला नाही, तो त्यात मोजला जातो. पहिल्या महायुद्धात, १ जुलै १९१६ ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० ‘कॅज्युअल्टीज’ झाले. त्यातले मृत १९,२४० होते. ‘एका दिवसात ५७ हजार ठार’ असे छापले तर आकडा जवळपास तिप्पट होतो, आणि त्यासाठी कुणाला खोटे बोलावेही लागत नाही. आपल्याकडे ‘हताहत’ हा नेमका शब्द आहे. हत आणि आहत, दोन्ही. दुर्दैवाने तोही हल्ली ‘मृत’ याच अर्थाने वापरला जातो.

हे झाले शब्दाचे. खरी गुंतागुंत मोजण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती समजून घ्यायला इराकइतके चांगले उदाहरण नाही. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने आक्रमण केले. तेव्हापासून २००६ च्या मध्यापर्यंत किती माणसे गेली? देश तोच आणि काळही जवळजवळ तोच. तरी तीन आकडे प्रसिद्ध झाले: सुमारे ४७ हजार, १ लाख ५१ हजार आणि ६ लाख ५५ हजार. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात जवळपास चौदा पटींचा फरक. तिन्ही आकडे जबाबदार लोकांनी काढले होते आणि तिघांनीही आपली पद्धत निदान ढोबळमानाने लिहून ठेवली होती. म्हणून ते एकेक करून उघडून पाहता येतात.

पहिला आकडा ‘इराक बॉडी काउंट’ या गटाचा. यांची पद्धत कात्रणांची. वृत्तसंस्था आणि वर्तमानपत्रांत आलेली प्रत्येक घटना घ्यायची, ती शक्यतो दोन ठिकाणी आली आहे का ते पाहायचे, आणि तारीख, जागा व मृतांचा किमान-कमाल आकडा अशी नोंद करायची. पुढे शवागारे आणि रुग्णालयांचे आकडेही त्यात आले. मोजायचे फक्त नागरिक, आणि तेही हिंसेत मेलेले. या पद्धतीचा गुण असा की प्रत्येक मृत्यूला घटनेचा पत्ता असतो. कुणालाही मागे जाऊन तपासता येते. दोषही तिथेच आहे. जे बातमीत आले नाही ते यादीत येत नाही. बाजारात स्फोट होऊन चाळीस माणसे गेली तर ती बातमी दहा ठिकाणी येते. रात्री घरातून उचलून नेलेल्या एका माणसाचे प्रेत दुसऱ्या दिवशी कालव्याकाठी सापडले, तर ती बहुधा कुठेच येत नाही. म्हणजे गळती सगळीकडे सारखी नसते. मोठ्या घटना यादीत येतात, लहान निसटतात. त्यातून आणखी एक फसगत होते. परिस्थिती जसजशी धोक्याची होते तसतसे वार्ताहर शहराबाहेर पडेनासे होतात. हिंसा वाढत असतानाच नोंदी कमी व्हायला लागतात आणि आलेख पाहणाऱ्याला वाटते, निवळत चालले आहे. आपली यादी हा पूर्ण आकडा नाही, हे या गटाने स्वतःही मान्य केले आहे. ४७ हजार ही किमान संख्या समजायची.

सर्वांत मोठा आकडा घरोघर जाऊन केलेल्या सर्वेक्षणाचा आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो आला. ही पद्धत रोगराई आणि दुष्काळाच्या अभ्यासात रोजची आहे. देशाचे भाग पाडायचे आणि लोकसंख्येच्या प्रमाणात काही ठिकाणे चिठ्ठी टाकून निवडायची. प्रत्येक ठिकाणी एक घर निवडून तिथून लागोपाठची ठरावीक घरे घ्यायची. अशा एका झुबक्याला क्लस्टर म्हणतात. घरात विचारायचे: अमुक तारखेला इथे कोण राहत होते, तेव्हापासून कोण जन्मले, कोण आले-गेले, कोण वारले, कधी आणि कशाने. या सर्वेक्षणात ४७ क्लस्टर, १,८४९ घरे आणि १२,८०१ माणसे होती. आक्रमणानंतरचे ५४७ मृत्यू सांगितले गेले. त्यांतले ३०० हिंसेचे.

आता या ३०० चे सहा लाख कसे झाले ते पाहा. इराकची लोकसंख्या २ कोटी ६१ लाख धरली होती. तिला १२,८०१ ने भागले की साधारण २,०४० येतात. नमुन्यातला एक माणूस देशातल्या इतक्या माणसांच्या वतीने उभा आहे. ३०० गुणिले २,०४० म्हणजे ६ लाख १२ हजार. अभ्यासाचा प्रत्यक्ष अंदाज बारीक हिशेबानंतर ६,०१,०२७ हिंसक मृत्यू असा आला. आजारपण वगैरे धरून एकूण अतिरिक्त मृत्यू, म्हणजे युद्ध नसते तर झाले असते त्याहून जास्तीचे, ६,५४,९६५. हा गुणाकार करण्यात गैर काही नाही, सगळी नमुना सर्वेक्षणे अशीच चालतात. पण एका क्लस्टरमध्ये दहा मृत्यू जास्त सापडले की देशाचा आकडा वीस हजारांनी वर जातो, हे डोळ्यांसमोर राहिले पाहिजे.

आणि हिंसेत मृत्यू सारखे पसरलेले नसतात, एका गल्लीत दहा आणि पुढच्या पाच गल्ल्यांत शून्य असे असते. त्यामुळे १,८४९ घरे पाहिली हे सांगणे एका परीने दिशाभूल करणारे आहे. शेजारशेजारची चाळीस घरे बहुतांशी एकच गोष्ट सांगतात. खरे स्वतंत्र साक्षीदार ४७ च. याच गटाच्या २००४ च्या पहिल्या सर्वेक्षणात हे ढळढळीत दिसले होते. तेव्हा ३३ क्लस्टर होते, प्रत्येकी ३० घरांचे. त्यांतला एक फालुजा शहरात पडला आणि सगळ्या सर्वेक्षणातल्या हिंसक मृत्यूंपैकी दोन तृतीयांश त्या एकाच क्लस्टरमध्ये निघाले. तो ठेवावा तर तीस घरांच्या जोरावर सगळ्या देशाचा आकडा फुगतो. काढावा तर ज्या शहरात सर्वांत जास्त माणसे मेली तेच वगळले जाते. त्यांनी तो बाजूला ठेवून अंदाज दिला: ९८ हजार, आणि ९५ टक्के खात्रीची मर्यादा ८ हजार ते १ लाख ९४ हजार. ही मर्यादा बातमीतून नेहमी गळते. गाळू नका. ‘सुमारे एक लाख’ आणि ‘आठ हजार ते दोन लाखांच्या मध्ये कुठेतरी’ ही दोन वाक्ये वाचणाऱ्याला वेगळी गोष्ट सांगतात.

तिसरा आकडा इराकी सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षणाचा. तो जानेवारी २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. रीत तीच, घरोघर. पण आकारमान मोठे: १,०८६ क्लस्टर ठरवले होते आणि ९,३४५ घरांत मुलाखती झाल्या. झुबके लहान आणि पुष्कळ असले की एखाद्या फालुजाने सगळा हिशेब उलटत नाही. हिंसक मृत्यूंचा अंदाज आला १ लाख ५१ हजार, मर्यादा १ लाख ४ हजार ते २ लाख २३ हजार.

इथे थांबून एक तुलना दुरुस्त करायला हवी, कारण ती तेव्हा जगभर चुकीची छापली गेली. ६ लाख ५५ हजार हे अतिरिक्त मृत्यू आहेत, सर्व कारणांचे. १ लाख ५१ हजार हे फक्त हिंसक मृत्यू. समोरासमोर ठेवायचे तर ६ लाख १ हजार आणि १ लाख ५१ हजार ठेवायला हवेत. तरीही चौपट फरक उरतोच. लॅन्सेटच्या हिंसक मृत्यूंची मर्यादा ४,२६,३६९ पासून सुरू होते आणि दुसऱ्या सर्वेक्षणाची २ लाख २३ हजारांवर संपते. दोन्ही मर्यादा एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. म्हणजे हा नमुन्याच्या नशिबाचा खेळ नव्हे. दोहोंपैकी निदान एका ठिकाणी पद्धतीतच काहीतरी बिघडले होते. ‘९५ टक्के खात्री’ फक्त चिठ्ठीच्या नशिबापुरती असते. घर चुकीचे निवडले, माणूस खोटे बोलला किंवा बोललाच नाही, याचा त्या मर्यादेत अंतर्भाव नसतो.

मग बिघडले कुठे? लॅन्सेटच्या बाबतीत पहिला संशय घर निवडण्याच्या रीतीवर घेतला गेला. आधी मुख्य रस्ता चिठ्ठीने काढायचा, मग त्याला छेदणारा राहत्या वस्तीचा रस्ता, मग त्यावरचे एक घर, आणि तिथून लागोपाठ चाळीस. अशा रीतीने मुख्य रस्त्याजवळची घरेच जास्त निवडली जाणार, आणि गाडीबॉम्ब, नाके, गोळीबार हे सगळे मुख्य रस्त्यांजवळच होते. वस्तीच्या पार आत असलेल्या घराला निवडले जाण्याची संधीच नव्हती. लेखकांचे म्हणणे, प्रत्यक्षात इतर रस्तेही घेतले होते. पण ते नेमके कसे, याचा पुरेसा तपशील त्यांनी दिला नाही आणि वाद तिथेच अडकला. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या व्यावसायिक संघटनेने २००९ मध्ये प्रमुख लेखकावर ठपका ठेवला. ठपका आकडा चुकीचा असल्याचा नव्हता. पद्धतीची मूलभूत माहिती उघड करायला नकार दिल्याचा होता. आमच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. पद्धत झाकली की बरोबर आकड्याचाही बचाव करता येत नाही.

दुसरा संशय दाखल्यांवरून. सर्वेक्षकांनी ८७ टक्के मृत्यूंबाबत मृत्यूचा दाखला मागितला आणि मागितलेल्यांपैकी ९२ टक्के घरांनी तो दाखवला. वरवर पाहता हा भक्कम पुरावा वाटतो. पण हिशेब उलटा लावून बघा. सहा लाखांवर माणसे गेली आणि इतक्या प्रमाणात दाखले निघाले, तर सरकारी दप्तरांतून पाच लाखांच्या आसपास दाखले बाहेर पडलेले असले पाहिजेत. सरकारी बेरजा त्याच्या जवळपासही नव्हत्या. लेखकांचा खुलासा असा की दाखला स्थानिक डॉक्टर देतो, त्याची नोंद वर राजधानीपर्यंत पोचतेच असे नाही. हे अशक्य नाही. युद्धात आधी डाकच बंद पडते. पण इतक्या मोठ्या प्रमाणावर नोंदी मधल्या मध्ये गळाल्या, हे सगळ्यांना पटले नाही.

तिसरी खूण भूगोलाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त हिंसक मृत्यू बगदादमधले होते आणि कात्रणांच्या यादीतही तसेच. लॅन्सेटमध्ये बगदादचा वाटा जेमतेम चौथाई. दोन अगदी निराळ्या पद्धती एका चित्रावर येतात आणि तिसरी वेगळे चित्र दाखवते, तेव्हा तिसरीकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. आकडा तपासायची ही साधी रीत तुम्हालाही वापरता येईल. एकूण बेरीज बाजूला ठेवा आणि मृत्यू कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या वयाचे, पुरुष किती आणि स्त्रिया किती, हे विचारा. बेरीज कुणीही रेटून सांगू शकतो, पण या चारही बाजूंनी पटेल अशी रचना खोटी उभी करणे फार अवघड असते.

यावरून जागतिक आरोग्य संघटनेचे सर्वेक्षण निर्दोष ठरते असे समजू नका. ठरवलेल्या १,०८६ क्लस्टरपैकी ११५ ठिकाणी सर्वेक्षक जाऊच शकले नाहीत, कारण तिथे जाणे जिवावरचे होते. ही ठिकाणे मुख्यतः अनबार प्रांतातली आणि बगदादमधली, म्हणजे जिथे सर्वांत जास्त माणसे मरत होती तिथलीच. ती जागा भरायला त्यांनी कात्रणांच्या यादीतली प्रांतांची प्रमाणे उसनी घेतली. म्हणजे ज्या यादीचा तोकडेपणा सर्वेक्षणाने भरून काढायचा, तिचाच टेकू सर्वेक्षणाला. शिवाय विचारायला आलेले लोक आरोग्य मंत्रालयाचे होते. ज्या घरातल्या मुलाला सरकारी गणवेशातल्या माणसांनीच नेले, ते घर सरकारी माणसाला काय सांगेल? अशा दडवणुकीसाठी त्यांनी आकडा वर नेला. हिंसक मृत्यूंचा दर हजारी वर्षाला १.०९ निघाला होता, तो दुरुस्तीनंतर १.६७ धरला. ही एक पायरी काढली तर १ लाख ५१ हजारांचे साधारण ९९ हजार होतात. मोजणीतून आलेला भाग किती आणि संशोधकाच्या अंदाजाने वाढवलेला किती, हे त्यांच्या लेखात स्पष्ट आहे. बातमीत कुठे दिसले नाही.

आमचे मत विचाराल तर १ लाख ५१ हजार हा आकडा जास्त टिकाऊ आहे, पण तो खालच्या बाजूला झुकलेला असण्याची शक्यता आम्ही नाकारत नाही. ४७ हजार हा एकूण मृतांचा आकडा म्हणून छापणे मात्र सरळ चूक.

‘अतिरिक्त मृत्यू’ या शब्दाकडे थोडे वळायला हवे, कारण सर्वांत मोठे वाद तिथे होतात. युद्धात फक्त गोळीने माणूस मरत नाही. दवाखाना बंद पडतो, लस पोचत नाही, पाणी दूषित होते आणि मुले अतिसाराने जातात. हे मृत्यू मोजायचे तर युद्धातला मृत्युदर घ्यायचा आणि युद्ध नसते तर किती असता तो दर त्यातून वजा करायचा. पहिला दर निदान मोजता येतो. दुसरा कुणी पाहिलेलाच नसतो, तो मानून घ्यावा लागतो. काँगोच्या युद्धासाठी ‘इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी’ने ऑगस्ट १९९८ ते एप्रिल २००७ मध्ये ५४ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. शेवटच्या सर्वेक्षणात त्यांना महिन्याला हजारी २.२ मृत्यू आढळले. तुलनेसाठी त्यांनी सहारा वाळवंटाखालच्या आफ्रिकेची सरासरी घेतली, १.५. फरक ०.७. टीकाकार म्हणाले, काँगो युद्धाआधीही त्या सरासरीपेक्षा बराच वाईट स्थितीत होता, तिथे २.० धरा. मग फरक ०.२ उरतो. मोजलेले मृत्यू तेच, घरे तीच, सर्वेक्षकही तेच. फक्त वजा करायची संख्या ०.५ ने बदलली आणि निष्कर्ष साडेतीन पटींनी खाली आला. मे २००१ नंतरच्या काळासाठीचा अंदाज या एका बदलाने २८ लाखांवरून ९ लाखांच्या आत येतो. तेव्हा ‘५४ लाख ठार’ असे छापताना दोन चुका होतात. ‘ठार’ हा शब्द चुकीचा, कारण यातले बहुतेक मृत्यू मलेरिया, अतिसार, न्यूमोनिया आणि कुपोषणाचे. आणि ज्या आधीच्या दरावर सगळे उभे आहे, त्याचा उल्लेखच नाही.

आता याद्यांविषयी. अलीकडच्या युद्धांत नावानिशी याद्या निघतात आणि लोकांना वाटते, आता वाद कशाला, मोजा की नावे. सीरियाचे पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयासाठी ऑगस्ट २०१४ मध्ये पाच स्रोतांच्या याद्या एकत्र केल्या गेल्या. नाव, मृत्यूची तारीख आणि जागा अशी पूर्ण ओळख असलेल्या नोंदी निघाल्या ३,१८,९१०. दुबार नोंदी काढल्यावर माणसे उरली १,९१,३६९. तपशील अपुरे असलेल्या ५१,९५३ नोंदी यात धरल्याच नव्हत्या. त्या खोट्या होत्या असे नाही. त्या दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहता येत नव्हत्या, एवढेच.

दुबार काढणे ऐकायला सोपे, करायला जिकिरीचे. एका यादीत ‘मोहम्मद अहमद’, दुसरीत ‘मुहम्मद’ आणि पुढे वडिलांचे नाव नाही. एकीत मृत्यूची तारीख हल्ल्याची, दुसरीत दफनाची, म्हणून दोन दिवसांचा फरक. एकीत गावाचे नाव, दुसरीत जिल्ह्याचे. हा एक माणूस की दोन? सगळ्या जोड्या हाताने तपासणे अशक्य, म्हणून आधी माणसे काही हजार जोड्या पाहून ‘एकच’ किंवा ‘वेगळे’ असा शेरा देतात आणि त्या शेऱ्यांवरून संगणक बाकीच्या जोड्या लावतो. जुळवणी सैल झाली तर दोन चुलतभाऊ एक होऊन जातात. फार कडक झाली तर एकाच माणसाचे दोन मृत्यू होतात.

याद्या जुळल्यावर प्रश्न उरतो, कोणत्याच यादीत नसलेले किती? त्यासाठीची युक्ती तळ्यातले मासे मोजण्याची आहे. काही मासे पकडून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळे टाकायचे आणि त्यात खुणेचे किती आले यावरून तळ्यातले एकूण काढायचे. समजा एका यादीत ६०० नावे आहेत, दुसरीत ५००, आणि २०० नावे दोन्हींत आहेत. माहीत असलेली माणसे ९००. अंदाज ६०० गुणिले ५०० भागिले २००, म्हणजे १,५००. कोणीच न नोंदवलेले ६००. आता जुळवणी कडक झाली आणि २०० ऐवजी १५० च जोड्या सापडल्या असे धरा. अंदाज एकदम २,००० वर जातो. सैल होऊन २५० जोड्या लागल्या तर १,२०० वर येतो. पन्नास जोड्यांची चूक आणि निकाल शेकड्यांनी हलतो. दुसरी अडचण याद्यांच्या नात्याची. दोन्ही संघटना त्याच मशिदीतल्या त्याच माणसाकडून नावे घेत असतील, तर सामाईक नावे फुगतात आणि न सापडलेले कमी दिसतात. एक संघटना फक्त एका बाजूच्या वस्तीत आणि दुसरी फक्त दुसऱ्या वस्तीत फिरत असेल, तर उलटे होते. म्हणून हे काम दोन याद्यांवर कुणी सोडत नाही. तीन-चार किंवा जास्त याद्या लागतात, म्हणजे त्यांचे आपसांतले नाते तपासता येते. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या त्याच मानवाधिकार कार्यालयाने आठ स्रोत वापरून मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांत सीरियात ३,०६,८८७ नागरिक मारले गेल्याचा अंदाज दिला. त्यांतले नावानिशी नोंदलेले १,४३,३५०. बाकीचे या रीतीने काढलेले. आता २०१४ चा आकडा आणि हा आकडा एका आलेखावर ठेवू नका. २०१४ च्या आकड्यात लढवय्येही होते, नोंदलेल्यांपलीकडे अंदाज नव्हता. २०२२ च्या आकड्यात फक्त नागरिक आहेत आणि अंदाज आहे.

लढणाऱ्या पक्षांच्या आकड्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. आपले कमी आणि शत्रूचे जास्त, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. एवढेच सांगू की पक्षपाती स्रोताची यादी नावानिशी असेल तर ती तपासता येते, आणि तटस्थ स्रोताचा नुसता गोल आकडा असेल तर त्याचे काहीच करता येत नाही. स्रोत कोणाचा हे जरूर छापा, पण यादी आहे का, हेही विचारा.

एक सवय मात्र मोडायला हवी. नंतर आकडा खाली आला की ‘मृतांचा आकडा फुगवल्याचे उघड’ अशी ओळ येते. बोस्नियाच्या युद्धात आणि नंतर अनेक वर्षे दोन ते अडीच लाख मृत असे सांगितले जाई. तो युद्धाच्या धामधुमीतला अंदाज होता. पुढे साराजेव्होतल्या एका संशोधन केंद्राने नावे गोळा करून २००७ मध्ये ९७,२०७ मृत व बेपत्ता जाहीर केले. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणातल्या लोकसंख्यातज्ज्ञांनी त्यांच्या स्वतंत्र जुळवणीतून १,०४,७३२ हा अंदाज काढला. दोन वेगळी दप्तरे आणि फरक साडेसात हजारांचा. या क्षेत्रात इतकी जवळीक क्वचितच दिसते. चालू युद्धातल्या याद्यांतूनही नावे गळतात: कुणी जिवंत सापडतो, कुणी दोनदा लिहिलेला निघतो, कुणी आजाराने गेलेला असतो. यादीतून नावे कमी होत नसतील, तर ती कुणी तपासत नाही असे खुशाल समजा.

आमची मागणी तुमच्या बातमीतल्या तीस-चाळीस शब्दांची आहे. ‘इराकमध्ये दीड लाख ठार’ याच्या जागी असे वाक्य हवे: ‘मार्च २००३ ते जून २००६ या काळात इराकमध्ये हिंसेत सुमारे १ लाख ५१ हजार माणसे मेली, असा घरोघर सर्वेक्षणाचा अंदाज आहे, तो १ लाख ४ हजार ते २ लाख २३ हजारांच्या दरम्यान असू शकतो आणि त्यात सैनिक व नागरिक असा भेद केलेला नाही.’ मथळ्यात हे मावणार नाही, हे आम्हालाही कळते. मथळ्यात ‘अंदाज’ हा शब्द तेवढा राहू द्या, आणि चौकटीत दोन आकडे शेजारी ठेवाल तेव्हा प्रत्येकाखाली काळ, कोण मोजले आणि पद्धत अशी एक ओळ द्या. ती ओळ लिहिताना दोन आकड्यांच्या रकान्यांत वेगवेगळी उत्तरे आली, तर चौकट काढून टाका.

कळावे,

नमुना सर्वेक्षण आणि लोकसंख्याशास्त्राच्या कामातले तुमचे काही वाचक